मदत हवी आहे: कापडी डायपर की डिस्पोजेबल? धुण्यासकट दोन वर्षांचा हिशेब जुळत नाहीये

अर्धवट_झोप:
बाळ तीन आठवड्यांचं आहे. सध्या डिस्पोजेबल वापरतोय, पुढच्या आठवड्यात कापडी घ्यायचे की नाही ते ठरवायचंय. जो तो आपापल्या गावचे भाव सांगतो आणि गोंधळ होतो, म्हणून मी पैशांऐवजी 'नग' हे माप धरलंय. एका डिस्पोजेबल डायपरची किंमत म्हणजे 1 नग.

माझा अंदाज असा. पहिला महिना रोज 10, मग आठव्या महिन्यापर्यंत रोज 8, त्यानंतर 5-6. दोन वर्षांचे साधारण 4,800 नग होतात. खिशाचे कापडी डायपर आतल्या पॅडसकट आमच्याकडे एकाला 40 नग पडतात. असे 24 घेतले तर 960, आणि पावडरीचे 300 धरले. म्हणजे 1,260 विरुद्ध 4,800. इतका फरक असेल तर सगळेच कापडी का वापरत नाहीत? काहीतरी सुटतंय, पण काय ते कळत नाही.

वॉशिंग मशीन आहे, वाळवायला दोरी आहे. रात्री मात्र डिस्पोजेबलच लावणार. नवव्या महिन्यापासून बाळ पाळणाघरात जाईल, आणि तिथे कापडी चालत नाहीत.

जुनी_दोरी:
मशीन कशाला? हाताने धुवा, खर्च शून्य. मी दोन्ही मुलांचे लंगोट हातानेच धुतले.

तूर्तास_इथेच:
माझ्या मुलीला डिस्पोजेबलने इतकं लाल व्हायचं की शेवटी सगळं सोडून दिलं. दर दोन तासांनी बदला, हवा लागू द्या. मलम पातळ लावा.

अर्धवट_झोप:
@तूर्तास, धन्यवाद, पण पुरळ नाहीये, प्रश्न फक्त खर्चाचा आहे.
@जुनी_दोरी, रोज सात-आठ डायपर हाताने धुवायला आमच्यापैकी कुणाच्यात त्राण उरत नाही हो.

बादलीभर:
तीन वर्षं कापडी वापरलेत, दोन मुलांना. हिशेबात तुमचं गाडं दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं म्हणजे तुम्ही कापडी वापरणार आहात जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त. मोजून बघा. पहिला महिना डिस्पोजेबल, 300. पुढचे सात महिने रात्रीचा एक, म्हणजे 210. उरलेल्या सोळा महिन्यांत रात्रीचे 490, शिवाय पाळणाघराचे 350 दिवस रोज 3, म्हणजे 1,050. झाले 2,050 नग. कापडी घेतले तरी हे विकत आणायचेच आहेत. तुमच्या 1,260 मध्ये यातला एकही नाही.

दुसरं, धुणं. एका फेरीत फक्त पावडर जात नाही. आधी गार पाण्याची एक खळबळ काढावी लागते, नाहीतर लघवी मुख्य धुण्याच्या पाण्यात फिरत राहते. मग 60 अंशांवर लांब फेरी, आणि वर जास्तीचं पाणी. या मापाने वीज, पाणी, पावडर धरून मला एक फेरी 3 नगांना पडायची. तुमचे दर घालून बघा, पण पावडरीच्या दुप्पट-तिप्पट होतेच. अडीच दिवसांनी एक फेरी धरली तर 700 दिवसांत 280 फेऱ्या, म्हणजे 840.

एकूण: 960 + 840 + 2,050 = 3,850. वाचले 950, साधारण पाचवा हिस्सा. ड्रायर वापरलात तर फेरीमागे आणखी अडीच नग, म्हणजे 700, मग जवळजवळ काहीच उरत नाही. दोरी आहे तोवर बरं आहे.

जुळ्यांचा_बाप:
आमच्याकडे एकदम दोन, त्यामुळे मशीन दर वेळी भरून जायचं. कापडीच स्वस्त पडले, प्रश्नच नाही. आणि ते 60 अंश वगैरे कशाला, महिन्यातून एकदा सगळे उकळून काढायचो.

बादलीभर:
@जुळ्यांचा_बाप, मशीन भरून जायचं हेच तर तुमच्या बचतीचं कारण! उकळू मात्र नका. आतली सुती पॅडं सहन करतात, पण बाहेरच्या कव्हरचा जलरोधक थर सुटतो आणि मांडीचं इलॅस्टिक ढिलं पडतं. मग कडेने गळायला लागतं आणि माणूस पॅडाला दोष देतो. तुमची किती कव्हर टिकली?

जुळ्यांचा_बाप:
अं… वर्षभरात आठेक बदलली. ते हिशेबात धरलं नव्हतं.

अर्धवट_झोप:
@बादलीभर, 'भरलेलं मशीन' हे नीट कळलं नाही. पाळणाघर सुरू झाल्यावर कापडी कमी लागतील, मग फेऱ्याही कमी होतील ना?

बादलीभर:
नाही, गोम तिथेच आहे. मळके डायपर तीन दिवसांपलीकडे साठवता येत नाहीत. वास बसतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. म्हणजे रोज सात वापरा नाहीतर दोन, फेरी दोन-अडीच दिवसांनी लावावीच लागते. फेरी दिवसांच्या हिशेबाने चालते, डायपरच्या नाही. नवव्या महिन्यानंतर तुम्ही पाच-सहा डायपरसाठी अख्खी फेरी लावाल. म्हणजे एकेक डायपर धुवायलाच अर्ध्या नगाहून जास्त, आणि कापडाची किंमत वेगळी.

त्यावर उपाय सोपा आहे. तेव्हा शी टॉयलेटमध्ये टाकून डायपरची आधी गार फेरी काढा, आणि मग मुख्य फेरीला घरचे चादरी-टॉवेल त्यातच घाला. ती फेरी तुम्ही एरवीही लावणारच असता, त्यामुळे डायपरच्या नावावर फक्त आधीची खळबळ पडते, 1 नग धरा. आणि 24 ऐवजी 20 घ्या. रोज सात या हिशेबाने दोन दिवसांत 14 मळतात, वाळेपर्यंत 6 हाताशी राहतात.

नवा हिशेब: डायपर 800. पहिल्या सात महिन्यांच्या 105 फेऱ्या, 315. पुढच्या 196 खळबळी, 196. डिस्पोजेबल 2,050. एकूण 3,361, म्हणजे सुमारे 1,400 वाचले.

एक चूक मी केली ती करू नका. कपडे मऊ राहावेत म्हणून सॉफ्टनर घातला. दोन महिन्यांत पॅडं पाणी प्यायची बंद झाली. पॅडावर पाण्याचा थेंब टाकून बघा, मोत्यासारखा वर बसून राहिला तर लेप चढलाय. पावडर न घालता गरम पाण्याच्या चार फेऱ्या काढल्या तेव्हा सुटला. त्या चार फेऱ्या फुकटच गेल्या.

जुनी_दोरी:
आणि दुसरं मूल झालं तर? कापड तर आधीच घेतलेलं असतं.

बादलीभर:
पॅडं चालतात. कव्हरं माझी निम्मीच चालली. पण हे पहिल्या मुलाच्या हिशेबात धरायचं का, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

तूर्तास_इथेच:
तुम्ही लोक वेळ कुठे मोजलात? खळबळ, मशीन, वाळत घालणं, पॅडं परत खिशात भरणं. दोन दिवसांआड अर्धा तास तरी. त्याचे किती नग?

अर्धवट_झोप:
@तूर्तास, हा प्रश्न बायकोनेही विचारला आणि मी उत्तर दिलं नाही. सध्या 20 ऐवजी 6 घेऊन महिनाभर घरच्या धुण्यातच चालवून बघतो. फेरीचे खरे किती नग पडतात ते मीटर बघून इथे टाकेन.

बादलीभर:
सहाने दिवसही निघणार नाही, पण मीटरचा आकडा जरूर टाका. आमच्याकडे कुणी कधी मोजलाच नाही.