दहावीआधीचं लग्न : हमीपत्र की कोर्टाचा मनाई हुकूम?

सीमावासी : तालुका शिक्षण समितीसाठी धोरण टिपण लिहितोय. मे महिन्यात लग्न सीमेपलीकडे, महाराष्ट्रात लागतं आणि जूनमध्ये मुलगी वर्गात नसते. मागणी एकच करायची, तर कोणती?

वेदगंगा : हमीपत्रावर थांबू नका. समजा, निपाणीकडच्या मुलीचा जन्म १४ ऑगस्ट २००९ चा. एप्रिल २०२५ मध्ये ती नववी पास झाली आणि मेमध्ये कागलकडे मुहूर्त निघाला. तिला अठरा पूर्ण होतात ऑगस्ट २०२७ मध्ये, म्हणजे पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात, बारावीत. "दहावी होऊ दे, मग बघू" म्हणणारेही वर्षभराहून जास्त आधीच लग्न लावतात.

ग्रामपंचायतीचा पीडीओ घरी जाऊन हमीपत्रावर पालकांची सही घेतो. आठ दिवसांनी मांडव पाहुण्यांच्या गावात पडतो. आता त्या सहीला कोण विचारतो? २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम घेतला, तर तो माणसांवर लागतो, नुसत्या हॉलवर नाही. घाई असेल तर नोटीस न देताही अंतरिम हुकूम मिळतो. तो मोडून लावलेलं लग्न कलम १४ प्रमाणे मुळातच रद्द. अर्जाला शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणि लग्नपत्रिका जोडा. वयासाठी आधार कार्डावर विसंबू नका, तिथेच अर्ज लंगडा पडतो.

खानापूरकर : पण लग्न रद्द करून घ्यायला मुलीलाच कोर्टात जावं लागतं की हो. कोण जाणार?

वेदगंगा : केंद्राचा मूळ कायदा तसाच आहे. कर्नाटकाने मात्र दुरुस्ती करून असं लग्न सुरुवातीपासूनच रद्द ठरवलंय. महाराष्ट्रात तसं नाही, म्हणून सीमेपलीकडच्या लग्नात वकील वाद घालतात. हुकूम आधी हातात असला की तो वाद उरत नाही.

घटप्रभा : कर्नाटक सरकारच्या भाग्यलक्ष्मी योजनेचा बाँड असलेल्या मुलीचे पैसे बुडतात का?

सीमावासी : प्रश्न शाळेचा आहे. तरी सांगतो, अठराआधी लग्न नको ही अट आहेच. शिक्षणाची अट मात्र आठवीपर्यंतच, त्यामुळे नववी-दहावीत गळणाऱ्या मुलीला ती थोपवत नाही.

मलप्रभा : माझा विरोध आहे. पोलीस आणि कोर्ट आले की लोक लग्न लपवतात. मग ती मुलगी गरोदर राहिली तरी दवाखान्यात जात नाही, कारण पोक्सो कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. शाळेत परत येणं तर दूरच. शाळा सोडल्याचा दाखला पकडा. मेमध्ये बाप दाखला मागायला आला की पुढच्या शाळेचं नाव विचारा आणि तिथे फोन करा. प्रवेश झाला नसेल तर पीडीओला त्याच दिवशी कळवा.

वेदगंगा : दाखल्याचं पटलं. पण पुष्कळजण दाखला मागतच नाहीत, मुलगी नुसती यायची थांबते. तिथे जूनच्या पहिल्या आठवड्याची हजेरी बघावी लागेल, आणि तोवर अक्षता पडलेल्या असतात.

मलप्रभा : म्हणून मार्चच्या परीक्षेतच वर्गशिक्षिकेने विचारावं. पण बापाच्या रागाला सामोरं जायला एकट्या शिक्षिकेला लावणार का?