मदत हवी आहे: मेडिकलमध्ये बीपी-शुगर तपासतो, पण कुठल्या आकड्याला डॉक्टरकडे पाठवायचं?

मेडिकलवाली_कोल्हापूर
नमस्कार. कोल्हापूरच्या मार्केट यार्डाजवळ आमचं मेडिकल आहे. मी स्वतः फार्मासिस्ट. दुकानात बीपी आणि शुगर तपासायची सोय केलीय, पण पाठवायचं कधी आणि वहीत लिहायचं काय, यावर माझं आणि मिस्टरांचं एकमत होईना.

कालचंच सांगते. ५४ वर्षांचे एक हमाल, गुळाचे रवे उतरवून थेट आले. कुठली गोळी चालू नाही, त्रासही काही नाही. आल्या आल्या बीपी १७२/१०४. पाच मिनिटं बसवून घेतलं तर १५८/९६, मिनिटभराने १५४/९४. शुगर आली २४३. जेवून दीड तास झाला होता. बोट चिकट वाटलं म्हणून साबणाने हात धुवायला लावले, पुसून दुसऱ्या बोटाचं घेतलं तर १४८! आता वहीत कुठला आकडा धरायचा? मिस्टर म्हणतात, शेवटचाच लिही, बाकीचे कशाला.

रंकाळा_फेरी
ताई, कुठलं मशीन वापरता? आईसाठी घ्यायचंय. तिचं घरी १२८ आणि डॉक्टरांच्या खोलीत गेलं की १६०. आम्ही तर चक्रावलोय.

एमआर_दादा
स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं की, हात धुवायची काय गरज? आणि शुगर २०० च्या आत असेल तर पाठवू नका. उगाच माणूस घाबरतो, डॉक्टरही वैतागतात.

जुना_फार्मासिस्ट
दादा, २०० चा आकडा खरा आहे, पण तो तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं असताना डॉक्टरांनी निदान करायचा. आपण निदान करत नाही, चाळणी लावतो. सरकारी तपासणी मोहिमेत कधीही घेतलेली शुगर १४० च्या वर गेली की पुढच्या तपासणीला पाठवतात. आणि स्पिरिटने गुळाचा चिकटा नीट जात नाही. त्या एवढ्याशा थेंबात बोटावरची साखर विरघळली की आकडा असाच उडतो. स्पिरिट ओलं असेल तरी घोळ होतो. साबण, पाणी, कोरडा हात, मगच टोचायचं.

ताई, वहीत सगळे आकडे लिहा. मिस्टरांना सांगा, खोडायचं काही नाही. २४३ पुढे ‘हात न धुता, ग्राह्य नाही’ आणि १४८ पुढे ‘हात धुऊन, जेवणानंतर दीड तास’. स्ट्रिपचा बॅच नंबरही टाका. एका डबीच्या स्ट्रिप बिघडल्या तर त्या दिवसांत कोणाकोणाचं तपासलं ते सापडतं. निदानाचा रकाना ठेवूच नका. ‘मधुमेह’ हा शब्द आपल्या हस्ताक्षरात नको.

बीपीचा पहिला आकडा ओझं उतरवून आल्यावरचा, तो लिहायचा पण धरायचा नाही. नंतरच्या दोहोंची सरासरी १५६/९५. बसून, शांतपणे १४०/९० किंवा वर येतंय म्हणजे आठवडाभरात डॉक्टरांना दाखवा अशी चिठ्ठी. १८०/१२० च्या घरात आलं तर पाच मिनिटांनी परत बघा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा, यातलं काहीही असेल तर परत मोजत बसू नका. १०८ ला फोन, आपलं सरकारी सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. अशा वेळी ‘जिभेखालची एक गोळी द्या की’ म्हणणारे नातेवाईक हमखास भेटतात. द्यायची नाही. बीपी झपकन उतरलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो.

एक विचारायचं राहिलं. हमाल माणूस, दंड केवढा होता? पट्टा कुठला बांधलात?

मेडिकलवाली_कोल्हापूर
पट्ट्यावर २२ ते ३२ सेंमी छापलंय. दंडाचा घेर मोजला नव्हता, पण ३२ च्या वरच असणार.

जुना_फार्मासिस्ट
मग १५६ सुद्धा थोडं फुगलेलं असू शकतं. लहान पट्ट्याने बीपी जास्त दाखवतं. मोठा पट्टा मागवा आणि त्यांना परत बोलवा. चिठ्ठी मात्र थांबवू नका, फक्त त्यावर ‘पट्टा लहान’ असं लिहा. रंकाळा_फेरी, तुमच्या आईचं घरचं आठवडाभराचं टिपण डॉक्टरांना दाखवा. मशीनपेक्षा ते महत्त्वाचं.

एमआर_दादा
पण सर, चांगल्या ग्लुकोमीटरलाही पंधरा टक्क्यांची सूट असते. १४८ म्हणजे खरं १३० पण असेल. रोज असे पाच जण पाठवले तर कोण ऐकणार?

जुना_फार्मासिस्ट
हा मुद्दा बरोबर आहे. नुसतं १४८ असतं तर मी उपाशीपोटी परत या म्हटलं असतं. यांचं वय आणि बीपी बघता पाठवलंच असतं. दुसरा फार्मासिस्ट वेगळं ठरवेल.

मेडिकलवाली_कोल्हापूर
मोठ्या पट्ट्याची ऑर्डर दिली. चिठ्ठीबुक कार्बनचं करतेय, एक प्रत आपल्याकडे. फोन नंबर त्यांना विचारूनच लिहिला. पण ओपीडीला गेलं तर दिवसाची हजेरी बुडते म्हणतात. संध्याकाळी बसणारे डॉक्टर यार्डाजवळ कुणाला माहीत आहेत का?