मदत हवी आहे : कथेतला रजेचा अर्ज कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी. एक लघुकथा अडकलीय. तासगावकडच्या निवृत्त बाईंना सहावीतल्या एका पोराचा रजेचा अर्ज आठवतो. काळ मार्चचा, बेदाण्याचा हंगाम. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरलीत, सुकायला साधारण दोन आठवडे हवेत, आणि आभाळ भरून आलंय. झड आत आली किंवा हवा दमट राहिली की मणी काळे पडतात, मग भाव मिळत नाही. म्हणून घरातलं प्रत्येक माणूस शेडवर.

अर्ज असा लिहिलाय:

"मा. बाई, विषय : रजा मिळणेबाबत. मला ताप आलेला नाही. आई म्हणाली ताप लिही. पण तुम्ही परवा शेडवरून गेलात तेव्हा मी प्लास्टिकचा कागद ओढताना तुम्हाला दिसलो. पाऊस थांबला की येईन. नाही थांबला तर कधी येईन माहीत नाही. पाढे पाठ केलेत. आपला आज्ञाधारक."

खाली पालकाची सही म्हणून आईचा अंगठा. तिला वाचता येत नाही, म्हणजे आत काय लिहिलंय ते तिला ठाऊकच नाही. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता अडचण. अर्ज सुरुवातीलाच दिला तर पुढे बाईंच्या आठवणी फिक्या पडतात. शेवटी दिला तर विनोदी चुटका वाटतो. तुम्ही कुठे ठेवला असता? आणि शिक्षक मंडळींनो, असा अर्ज आल्यावर हजेरीपटावर तुम्ही काय मांडलं असतं, रजा की गैरहजर?