शेअर वर गेला, कॉल खाली आला

नवखा_पंढरपूर:
जुनाबाजारकर काका, सा.न. तुम्ही म्हणाला होता की पहिला तोटा झाला की लिहून पाठव, म्हणून लिहितोय. एका मोठ्या कंपनीचा गुरुवारी संध्याकाळी निकाल होता. शेअर 1500 ला होता. निकाल चांगला येणार असं वाटलं, म्हणून दुपारी 1540 चा कॉल, म्हणजे 1540 ला शेअर घ्यायचा हक्क, 30 रुपयांना घेतला. लॉट 400 चा, म्हणजे 12,000 गेले. कॉलची मुदत संपायची तारीख, म्हणजे एक्स्पायरी, बारा दिवसांवर होती. निकाल खरंच चांगला आला आणि शुक्रवारी शेअर 1518 ला उघडला. पण कॉल 17 ला! मला वाटलं स्क्रीन अडकली. स्वस्त मिळतोय म्हणून 17 ला आणखी एक लॉट घेतला. पुढच्या शुक्रवारी शेअर 1507 ला आला, तेव्हा दोन्ही लॉट 4 ला विकून मोकळा झालो. 15,600 गेले, दलाली वेगळी. घरी अजून सांगितलेलं नाही. माझं नेमकं कुठे चुकलं?

जुनाबाजारकर:
बाळा, दिशा तुझी बरोबर होती, शिस्त कमी पडली. भाव ठरावीक आकड्याखाली गेला की विकणारा स्टॉपलॉस लावला असतास तर एवढं गेलं नसतं. तोट्यात आणखी घेऊन ॲव्हरेज करायचं नाही ही बाराखडी आहे. बाजार आधी फी घेतो आणि मग शिकवतो. महिनाभर नुसता बघत बस.

थीटाबाई:
काका, तुमचं वय आणि अनुभव यांचा मान ठेवून लिहिते, पण हे उत्तर वाचून डोकं फिरलं. मुलगा विचारतोय की शेअर अठरा रुपये वर गेला आणि कॉल तेरा रुपये खाली कसा आला. तुम्ही सांगताय, शिस्त. हेच उत्तर भेंडीची भाजी करपली तरी देता येईल.

नवख्या, तू त्या दिवशी दिशा विकत घेतलीच नव्हतीस. तू निकालाच्या रात्रीची धाकधूक विकत घेतलीस, आणि ती दुपारी सर्वांत महाग असते. तुझे आकडे मी मांडून पाहिले. 30 रुपये प्रीमियम म्हणजे आयव्ही, म्हणजे भावात धरलेली वर्षाची हालचाल टक्क्यांत, 42 च्या आसपास. सकाळी 17 म्हणजे साधारण 24. निकाल लागला, आता कळायचं काही उरलं नाही, म्हणून एका रात्रीत अठरा पॉइंट गळाले. तुझ्या कॉलमध्ये आयव्हीच्या एका पॉइंटला साधारण एक रुपया होता. म्हणजे अठरा-एकोणीस रुपये तिथेच गेले. शेअर वर गेल्याने आणि एक दिवस सरल्याने मिळून पाच-साडेपाच रुपये आले. आयव्ही 42 च राहिली असती तर तोच कॉल सकाळी 35-36 ला दिसला असता. तुझी स्क्रीन अडकली नव्हती.

आता हे आधी कळलं असतं का? कळलं असतं, दोन मिनिटांत. ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या कॉल-पुटच्या भावांची यादी, उघडून 1500 चा कॉल आणि 1500 चा पुट, म्हणजे त्या भावाला विकायचा हक्क, यांची बेरीज करायची. तुझ्या आयव्हीला ती 90 च्या आसपास येते, म्हणजे शेअरच्या सहा टक्के. बाजार आधीच म्हणत होता की एक्स्पायरीपर्यंत शेअर साधारण एवढा हलू शकतो. त्यातला बराचसा भाग एकट्या निकालाच्या रात्रीचा होता. प्रत्यक्षात हलला सव्वा टक्का. दुसरी खूण म्हणजे पुढच्या महिन्याची आयव्ही. या महिन्याची 42 असताना ती 31 च्या आसपास दिसली असती. एवढी दरी असली तर समजायचं की मधे काहीतरी ठरलेलं आहे आणि ते झालं की हवा जाणार.

आणि स्टॉपलॉस! काका, ऑप्शनमध्ये ट्रिगर लागला की मिळेल त्या भावाला विकणारी एसएल-मार्केट ऑर्डर एनएसईने 2021 मध्येच बंद केली. उरते ती लिमिटवाली. 24 चा ट्रिगर आणि 23 ची लिमिट लावली असती, तर 17 ला उघडल्यावर ऑर्डर जागी झाली असती आणि 23 वर गिऱ्हाईक शोधत बसली असती. रात्रीच्या उडीला स्टॉपलॉस नसतो.

बुलराजा_ठाणे:
ब्रोकरने गेम केलाय. शेअर वर आणि कॉल खाली कधी होतं का? सकाळी नऊ-पंधराला मुद्दाम भाव पाडतात. स्क्रीनशॉट काढून तक्रार टाक.

थीटाबाई:
वर तीन परिच्छेद लिहिले ते कुणासाठी?

कॉलविक्या:
म्हणूनच म्हणतो, घ्यायचंच नाही, विकायचं. आयव्ही 42 ला विकणाऱ्याने सकाळी 13 रुपये कमावलेच ना? ऑप्शन विकणारा दुकानदार असतो आणि घेणारा गिऱ्हाईक. मी तीन वर्षं निकालाच्या आदल्या दिवशी स्ट्रँगल, म्हणजे वरचा कॉल आणि खालचा पुट दोन्ही, विकतोय.

थीटाबाई:
अर्धं बरोबर आहे. तीन वर्षं विकताय, मग 4 जून 2024 ला काय केलंत तेही लिहा. निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के पडला होता.

कॉलविक्या:
त्या दिवसाचं काढू नका. वर्षभराचं गेलं. पण सरासरीने मी पुढे आहे.

थीटाबाई:
सरासरीने नदी गुडघाभरच असते हो. आणि बारा हजारांवर सुरुवात करणाऱ्या मुलाला नागडा कॉल विकायला लाख-दीड लाखांचं मार्जिन भरायला सांगताय. नवख्या, निकालावर खेळायचंच होतं तर 1540 चा घेऊन 1580 चा विकायचा. तो साधारण 18 ला होता, म्हणजे खर्च 12. सकाळी 17 वजा 6, म्हणजे 11. तोटा एका रुपयाचा, लॉटला चारशे. तुझी दिशा तीच, रात्र तीच.

कॉलविक्या:
आणि शेअर 1640 ला उघडला असता तर? नुसत्या कॉलवाल्याला शंभर मिळाले असते. तुमचा स्प्रेड कितीही ताणला तरी 40 च्या वर जात नाही, त्यातले 12 आधीच दिलेले.

थीटाबाई:
खरंय. तेवढ्यासाठीच लोक महाग लॉटरी घेतात. घ्यावी, पण भाव वाचून.

मुक्काम_चिपळूण:
स्प्रेड सांगताय तर डिलिव्हरीचंही सांगा. माझं 2023 मध्ये झालं. दोन कॉलच्या ठरलेल्या भावांच्या, म्हणजे स्ट्राइकच्या, मधे शेअर बंद झाला. विकलेला कॉल शून्य झाला आणि घेतलेला आत, म्हणजे फायद्याच्या बाजूला, राहिला. स्टॉक ऑप्शनला डिलिव्हरी येते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सोमवारी खात्यात सहा लाखांचे शेअर घ्यायची वेळ आली, पैसे तीस हजार. दंड, व्याज आणि वर ब्रोकरच्या माणसाची बोलणी. शेवटच्या आठवड्यात आत असलेली पोझिशन काढून टाकायची, एवढं शिकलो. आणि तो तोटा पुढच्या वर्षी ओढायचा होता, तर सीएने रिटर्नच मुदतीनंतर भरलं. गेला कायमचा.

पगारदार_पिंपरी:
आयटीआर-1 भरलं तर चालतं ना? पगारातून वजा करून?

मुक्काम_चिपळूण:
नाही. धंद्यातला तोटा धरतात, आयटीआर-3 लागतं. पगारातून वजा होत नाही. आठ वर्षं पुढे नेता येतो, पण मुदतीत भरलं तरच. माझ्या सीएला हे माहीत होतं, फी पण घेतली होती.

पगारदार_पिंपरी:
माझा सीए म्हणतो विकलेला प्रीमियम टर्नओव्हरमध्ये धरायचा, म्हणजे ऑडिट लागेल. पंचवीस हजार मागतोय.

कॉलविक्या:
बदला तो सीए. सीएंच्या संस्थेच्या 2022 च्या सुधारित मार्गदर्शक टिपणानंतर प्रीमियम वेगळा मिळवत नाहीत, नफ्या-तोट्यात तो आलेलाच असतो.

पगारदार_पिंपरी:
तो म्हणतो ते फक्त टिपण आहे, कायदा नाही.

कॉलविक्या:
मग त्याला म्हणावं, लेखी दे.

मुक्काम_चिपळूण:
लेखी कुणी देत नाही. माझ्याकडे त्या माणसाचे सतरा मेसेज आहेत, प्रत्येकात 'बघतो' लिहिलंय.

बुलराजा_ठाणे:
सगळे सीए ब्रोकरशी मिळालेले असतात.

जुनाबाजारकर:
सीएंची धुणी धुऊन झाली असतील तर बोलतो. थीटाबाई, आयव्हीचं तुमचं बरोबर. माझ्या काळी आम्ही बदल्यात, म्हणजे पुढे ढकलायच्या जुन्या सौद्यांत, वाढलो, हे ग्रीक, म्हणजे ऑप्शनच्या भावाची मापं, आम्हाला कुणी शिकवले नाहीत, तरीही निकालाच्या आदल्या दिवशी घ्यायचं नसतं हे ठाऊक होतं. ते लिहायला हवं होतं, राहिलं. स्टॉपलॉसचंही मान्य, शुक्रवारी सकाळी तो उपयोगाचा नव्हता.

पण आता तुमचेच आकडे घ्या. एका रात्रीत गेले किती? 13 रुपये गुणिले 400, म्हणजे 5,200. एकूण गेले 15,600. उरलेले 10,400 कुठल्या आयव्हीने खाल्ले? सकाळी 17 ला त्याने पहिला लॉट विकला असता तर विषय तिथे संपला होता. त्याने तो ठेवला, 5,200 गेले. वर दुसरा घेतला, आणखी 5,200 गेले. दोन हिस्से हट्टाचे आणि एक हिस्सा तुमच्या धाकधुकीचा. भेंडी करपली ती एकदाच, पुढे दोनदा त्याच कढईत टाकली.

थीटाबाई:
हिशेब बरोबर आहे, हे लिहिताना दात आवळले आहेत. पण त्याने दुसरा लॉट का घेतला ते त्याच्याच पत्रात आहे: 'स्वस्त मिळतोय'. 30 चं 17 झालं म्हणून त्याला सेल लागल्यासारखं वाटलं. 17 हा स्वस्त नव्हे, तोच खरा भाव होता आणि 30 फुगलेला, हे कळलं असतं तर हट्ट कशाला केला असता? तुम्ही ज्याला शिस्त म्हणता ती माहिती नसताना पाळायची म्हणजे नुसता उपवास.

जुनाबाजारकर:
माहिती असलेले ॲव्हरेज करत नाहीत? तुमच्या कॉलविक्यांना विचारा.

कॉलविक्या:
मला मधे ओढू नका.

थीटाबाई:
तुम्ही 4 जूनला ॲव्हरेज केलं होतंत?

कॉलविक्या:
दोनदा.

सुलभा_नगर:
मला त्यातलं काही कळत नाही, पण मुलगा पंढरपूरचा आहे आणि घरी सांगितलेलं नाही हे कुणी वाचलंच नाही. माझ्या भावाने असंच लपवत लपवत बहिणीच्या लग्नाची एफडी मोडली. सेबीनेच सांगितलंय ना, तीन वर्षांत शंभरातले 93 जण बुडाले म्हणून? मग याला परत करायला कशाला शिकवताय?

थीटाबाई:
सुलभाताई, तो आकडा बरोबर आहे, 2022 ते 2024 च्या आर्थिक वर्षांचा. करू नको म्हणून मी सांगितलं तर तो ऐकेल असं वाटत नाही. मी स्वतः ऐकलं नव्हतं.

नवखा_पंढरपूर:
काका, ताई, दोघांचं वाचलं. कालच्या दुसऱ्या एका कंपनीच्या निकालाआधी बेरीज करून पाहिली, पैसे लावले नाहीत. कॉल-पुट मिळून 7 टक्के येत होते. आज शेअर 8 टक्के पडला. म्हणजे घेणारा जिंकला ना? का मी एक्स्पायरीपर्यंतचा आकडा एका रात्रीशी ताडून बघतोय?

थीटाबाई:
शेवटचा प्रश्न बरोबर विचारलास. एक्स्पायरी किती दिवसांवर होती आणि पुढच्या महिन्याची आयव्ही किती होती ते लिही, मग बघू.

जुनाबाजारकर:
आधी घरी सांग. मग आयव्ही लिही.