टँकर मंजुरी तहसीलदारांकडे आली, मग सत्ता गावाकडे आली का?

गोदाकाठ_परभणी
क्लासमध्ये सर म्हणाले की टंचाईत टँकर मंजुरीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडून खाली दिले जातात, हे विकेंद्रीकरणाचं उत्तम उदाहरण. माझा मित्र म्हणतो ते फक्त प्रत्यायोजन, आणि हस्तांतरण तिसरंच. पुस्तकात तिन्ही व्याख्या सारख्याच वाटतात. खरा फरक कुठं पडतो?

बाभूळबन
तुमच्या सरांचं बरोबर आहे. आधी परभणीची सही लागायची, आता पाथरीत बसलेला माणूस सही करतो. सत्ता वरून खाली आली की विकेंद्रीकरण. बाकी शब्दांचा कीस.

निवृत्त_विस्तार_अधिकारी
बाभूळबन, अर्धं बरोबर. सही खाली आली, सत्ता तिथंच राहिली.

2,400 लोकवस्तीचं गाव धरा. टँकरचा निकष माणशी रोज 20 लिटर, म्हणजे 48,000 लिटर, म्हणजे 12 हजारी टँकरच्या चार खेपा. ग्रामपंचायत ठराव करते, ग्रामसेवक प्रस्ताव पंचायत समितीत देतो, मग तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणीला येतात. विहिरीत किती पाणी उरलंय, जवळची एखादी विहीर अधिग्रहित करता येते का, हे बघून मंजुरी होते. टंचाईच्या वर्षी ती शेवटची सही शासन प्रांत किंवा तहसीलदारांना देतं.

पण टँकर पुरवठ्याची निविदा जिल्ह्याची, पैसा टंचाई निधीतला आणि तो यायचा जिल्ह्याकडूनच. पाण्यावरून ओरड झाली की जाब जिल्हाधिकाऱ्यांनाच विचारला जातो. एक पत्र निघालं की तहसीलदारांची सही थांबली. ज्याचं काम त्याचंच राहतं, हात दुसऱ्याचा वापरला जातो, ते प्रत्यायोजन.

ते कितपत खरं उतरलंय हेही ओळखता येतं. फाईलवर 'वरिष्ठांचे मार्गदर्शन मागविले' असा शेरा दिसला की समजायचं, अधिकार कागदावर खाली आलाय, भीती मात्र गेली नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली आपल्यावर, या धास्तीनं माणूस मिळालेला अधिकार वापरत नाही. मी असे शेरे ढिगानं पाहिलेत.

येळकोट_हिंगोली
मग माझं ऐका. हिंगोली 1 मे 1999 ला जिल्हा झाला. त्याआधी आमचे वडील एका कागदासाठी परभणीला मुक्कामाला जायचे. आता सकाळी जाऊन दुपारी घरी येतोय. मला सांगा हे विकेंद्रीकरण नाही तर काय?

निवृत्त_विस्तार_अधिकारी
हे विकेंद्रीकरणच, पण कार्यालयांचं. कचेरी जवळ आली हा मोठाच फायदा, मी तो हलका धरत नाही. पण तिथला अधिकारी मुंबईतूनच बदलतो आणि जबाबदार मुंबईलाच राहतो. तुमच्या मतानं तो येत नाही, जात नाही. छत्रपती संभाजीनगरचं विभागीय आयुक्तालय याच जातीतलं. आठ जिल्हे पाहतं, पण शासनाचा हात म्हणून.

पैठणकर_वकील
माझा थोडा वाद आहे. 'विकेंद्रीकरण' हा छत्रीसारखा शब्द आहे. प्रत्यायोजन आणि हस्तांतरण त्याच्याच खाली येतात, असं मानणारे बरेच अभ्यासक आहेत. त्यामुळं सर चुकले असं म्हणणं जड जाईल. त्यांनी ढोबळ शब्द वापरला, एवढंच. परीक्षेत मात्र तिन्ही वेगळे विचारतात हे खरं.

आणि कायद्यानं पाहिलं तर प्रश्न एकच उरतो, काढून घ्यायला काय लागतं? तहसीलदारांचा अधिकार एका आदेशानं जातो. जिल्हा परिषदेचं काम 1961 च्या अधिनियमातून आलेलं, ते कायमचं काढायचं तर विधिमंडळात जावं लागतं. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायत नकोच म्हणायला राज्यालाही जागा उरली नाही. विषय किती द्यायचे ते मात्र राज्याच्याच हातात. अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, पण 243-छ म्हणतं की राज्य कायद्यानं ते देऊ शकेल. देईलच असं नाही.

लातूरची_माय
माझा प्रश्न वेगळा आहे. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. हस्तांतरण म्हणताय ते आधी आमच्या विभागाला द्या, मग गावाला.

पैठणकर_वकील
ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते मंडळ या तिन्हीत नीट बसत नाही. 371(2) खाली राज्यपालांवर जबाबदारी होती, मंडळ अनुशेष मोजून शिफारस करायचं. स्वतःचा कर नाही, निवडून आलेलं सभागृह नाही. सल्ला देणाऱ्याला सत्ताधारी म्हणता येत नाही.

सरपंच_आहे_बाबा
आता गावाकडून बोलतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी आम्ही लावतो, आम्हीच वसूल करतो. लोक देत नाहीत हा भाग वेगळा. 15 व्या वित्त आयोगात 10 लाख आले तर 6 लाख बंधित, पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेल्या 4 लाखांचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवते, पगार सोडून.

मागच्या उन्हाळ्यात टँकरच्या फाईलमागं पळायच्या ऐवजी आम्ही बंधित निधीतून जुन्या विहिरीचा गाळ काढला आणि फुटलेली पाइपलाइन बदलली. मंजुरीला तहसीलदाराकडं गेलो नाही. अंदाजपत्रक करून द्यायला मात्र उपअभियंत्याच्या दारात आठ दिवस उभा होतो. ग्रामसेवक नोकर जिल्हा परिषदेचा, मोजमाप दुसऱ्याचं. सत्ता आमची आणि सही दुसऱ्याची, मग ह्याला तुम्ही काय म्हणायलेत?

निवृत्त_विस्तार_अधिकारी
सरपंच, तुमचं गाळ काढणं हेच हस्तांतरण. निर्णय तुमचा, पैसा गावाच्या खात्यातला, आणि चुकलात तर पुढच्या निवडणुकीत लोक तुम्हाला पाडतील, जिल्हाधिकाऱ्यांना नाही. तांत्रिक मंजुरी बाहेरची आहे म्हणून ते अपुरं, पण बनावट नाही. इंजिनिअर पंचायतीकडं नसतो तोवर हा पेच राहणार.

बाभूळबन
ठीक आहे, सही आणि सत्ता वेगळी, मान्य. पण मग जिल्हा परिषदेचं सांगा. मार्च 2022 मध्ये मुदती संपल्या आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. मुख्य कार्यकारी अधिकारीच सभागृह. कायदा तोच, अधिकार तेच. मग त्या काळात ते हस्तांतरण होतं का?

पैठणकर_वकील
कायद्यात होतं. व्यवहारात कार्यालयच उरलं होतं, येळकोटांच्या हिंगोलीसारखं. 243-ङ पाच वर्षांची मुदत सांगतं, पण निवडणूक लांबली तर रिकाम्या खुर्चीवर शासनाचाच माणूस बसतो.

निवृत्त_विस्तार_अधिकारी
मला हे पूर्ण पटत नाही. प्रशासकालाही 1961 च्याच चौकटीत काम करावं लागतं, तो तहसीलदारासारखा हुकमाचा ताबेदार नाही.

सरपंच_आहे_बाबा
साहेब, चौकट असेल. पण पूर्वी पाण्याची तक्रार घेऊन आमच्या गटाच्या सदस्याच्या घरी रात्री जाता यायचं. प्रशासकाच्या घरी जाऊन बघा.

गोदाकाठ_परभणी
आता मित्राशी भांडायला मुद्दे मिळाले. सरांना प्रशासकाचं विचारणार आहे, बघू काय म्हणतात.