मदत हवी आहे: १० लाखांची ठेव, बँकेच्या तक्त्यावर ८.३० टक्के आणि दरमहा ५,७९९ रुपये, यांतले खरे कोणते?

खानापूरकर: नमस्कार. वडिलांच्या पश्चात विम्याचे १० लाख रुपये आईच्या नावावर आले आहेत. आई ५६ वर्षांची असून तिला दुसरे उत्पन्न नाही. बेळगावच्या एका बँकेने ५ वर्षांच्या मुदत ठेवीसाठी ७ टक्के दर सांगितला आणि दोन पर्याय दिले. पहिल्यात व्याज ठेवीतच राहते आणि शेवटी १४,१४,७७८ रुपये मिळतात. बँकेने दिलेल्या तक्त्यावर या पर्यायापुढे कन्नड आणि इंग्रजी मजकुरात ‘वार्षिक उत्पन्न ८.३० टक्के’ अशी नोंद आहे. दुसऱ्यात दरमहा ५,७९९ रुपये मिळतात. ७ टक्क्यांनी १० लाखांचे महिन्याचे व्याज माझ्या हिशेबाने ५,८३३ रुपये होते, मग ३४ रुपये कुठे गेले? शिवाय आमच्या गावाजवळची एक सौहार्द सहकारी संस्था ५ वर्षांसाठी ८ टक्के देते, पण सगळे व्याज मुदतीच्या शेवटी. ८ हा आकडा ७ पेक्षा मोठा आणि ८.३० पेक्षा लहान असल्यामुळे आम्ही गोंधळलो आहोत.

चिकोडीचा_व्यापारी: ते ३४ रुपये म्हणजे सरळ लूट आहे. बँका व्याज तिमाहीला जोडतात आणि महिन्याला मागितले की कापून देतात. तुम्ही दरमहा चक्रवाढ करणारी बँक शोधा, फार मोठा फरक पडतो.

निवृत्त_शाखाधिकारी: व्यापारी साहेबांचे पहिले निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र नाही. आपल्याकडे बँकेचा ७ टक्के दर सहसा तिमाहीच्या हिशेबाने असतो, म्हणजे १० लाखांवर तिमाही संपल्यावर १७,५०० रुपये. दरमहा व्याज घेणाऱ्याला त्यातला पहिला हप्ता दोन महिने आधी आणि दुसरा एक महिना आधी मिळतो. आधी दिलेल्या पैशाची किंमत वजा करून बँक ५,७९९ देते, आणि तिन्ही हप्ते मिळून तिमाहीला सुमारे १०२ रुपये कमी भरतात. त्यामुळे हे हप्ते त्याच दराने पुन्हा गुंतवले, तर दोन्ही पर्यायांचा परतावा जवळजवळ एकच येतो.

आता चक्रवाढ किती वेळा होते त्याचा परिणाम पाहा. हेच १० लाख ७ टक्क्यांनी वर्षातून एकदा चक्रवाढ केले तर ५ वर्षांनी १४,०२,५५२ होतात, तिमाहीला केले तर १४,१४,७७८ आणि दरमहा केले तर १४,१७,६२५. वर्षावरून तिमाहीवर आलात की १२ हजारांहून अधिक मिळतात, पण तिमाहीवरून महिन्यावर आलात की तीन हजारही मिळत नाहीत. केवळ दरमहा चक्रवाढीसाठी दुसऱ्या गावच्या बँकेत खाते उघडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

८.३० टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो दिशाभूल करतो. एकूण व्याज ४,१४,७७८ रुपये, त्याला ५ ने भागले की ८२,९५६, आणि ती रक्कम मूळ १० लाखांच्या ८.३० टक्के होते. ही निव्वळ सरासरी आहे. मुदत वाढवत नेली की दर तोच असतानाही हा आकडा फुगत जातो, त्यावरूनच तो ओळखता येतो. दरवर्षी ठेव प्रत्यक्षात ७.१९ टक्क्यांनी वाढते, आणि दोन ठेवींची तुलना करायला हाच आकडा वापरावा.

खानापूरकर: मग संस्थेचे ८ टक्के ७.१९ पेक्षा जास्तच झाले ना?

निवृत्त_शाखाधिकारी: ते तुमच्या हातातल्या कागदावर अवलंबून आहे. मुदतीअंती सरळव्याज असेल तर ५ वर्षांचे व्याज ४ लाख, म्हणजे हाती १४ लाख. बँकेचे ७ टक्के त्यापेक्षा १४,७७८ रुपये जास्त देतात. वार्षिक वाढीत मांडले तर संस्थेचा दर ६.९६ टक्के पडतो. हेच ८ टक्के व्याज दरवर्षी हातात मिळत असेल किंवा चक्रवाढीने मिळत असेल, तर गणित उलटते. म्हणून दर विचारू नका, ‘५ वर्षांनी नेमके किती रुपये मिळतील’ ते लिहून मागा. आणखी एक गोष्ट: सौहार्द संस्थेच्या ठेवीला बँकेसारखे ५ लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण नसते. बँकेतही मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखच धरतात. म्हणजे ७ टक्क्यांनी ठेवलेले साडेचार लाखसुद्धा दीड वर्षानंतर लगेचच ती मर्यादा ओलांडतात.

टिळकवाडीची_सुनंदा: ज्येष्ठ नागरिक बचत योजना का घेत नाही? तिथे ८.२ टक्के मिळतात आणि दर तिमाहीला व्याज खात्यावर येते. माझ्या सासूबाईंचे तिथेच आहे.

खानापूरकर: ताई, आई अजून ६० ची झालेली नाही, त्यामुळे ती योजना तिला लागू होत नाही.

निपाणीकर: मी दरमहा व्याजाचा पर्याय घेतला होता, तेव्हाचा अनुभव सांगतो. व्याज बचत खात्यात साठत राहिले, मी ते उचललेच नाही. नंतर घरच्या आजारपणात दोन वर्षांनी ठेव मोडावी लागली. बँकेने दोन वर्षांच्या मुदतीचा दर लावला, वर एक टक्का दंड कापला, आणि आतापर्यंत जास्त दिलेले व्याज मुद्दलातून वळते केले. भरलेल्या रकमेपेक्षा कमी रक्कम हातात आली तेव्हा मी काउंटरवरच भांडलो, पण नियम पावतीच्या मागे छापलेला होता.

निवृत्त_शाखाधिकारी: खानापूरकरांच्या आकड्यांत हे मांडून पाहा. समजा दोन वर्षांचा दर ६.७५ आहे आणि एक टक्का दंड, म्हणजे ५.७५ टक्के लागू होतील. आधी सुमारे ७ टक्क्यांनी व्याज देऊन झालेले असते, म्हणून १० लाखांवर दोन वर्षांचे साधारण २५ हजार रुपये मुद्दलातून जातील. आणि निपाणीकरांसारखे व्याज बचत खात्यात पडून राहिले तर मुदत पूर्ण करूनही तोटाच आहे. तिथे अडीच टक्के धरले, तर ५ वर्षांनी एकूण सुमारे १३ लाख ७० हजार होतात, म्हणजे वार्षिक वाढ साडेसहा टक्के. घरखर्चाला पैसे लागणार असतील तरच दरमहा व्याज घ्यावे.

चिकोडीचा_व्यापारी: मान्य. पण चक्रवाढ ठेवीत करसुद्धा कापतात, हे तुम्ही सांगितलेच नाही. व्याज हातात येत नाही आणि कर मात्र दरवर्षी जातो.

निवृत्त_शाखाधिकारी: हा मुद्दा अगदी योग्य आहे. एप्रिल २०२५ पासून बँकेचे वार्षिक व्याज ५० हजारांच्या वर गेले, तर ६० वर्षांखालील ठेवीदाराचा १० टक्के कर कापला जातो. या ठेवीवर पहिल्याच वर्षी ७१,८५९ रुपये व्याज जमते. कापलेली रक्कम ठेवीतूनच जात राहिली, तर शेवटी १४,१४,७७८ ऐवजी १३ लाख ६७ हजारांच्या आसपास मिळतात. आईंना दुसरे उत्पन्न नाही, त्यामुळे लोक ज्याला १५-जी म्हणतात तसे स्वघोषणापत्र दर एप्रिलमध्ये बँकेत द्या. ते एकदा देऊन चालत नाही. विसरलात तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो, पण ठेवीतून गेलेल्या पैशावरची चक्रवाढ परत येत नाही.

खानापूरकर: सर्वांचे आभार. आईला महिन्याला चार हजार रुपये तरी लागतील असे ती आज म्हणाली, त्यामुळे सात लाख दरमहा व्याजावर आणि तीन लाख चक्रवाढीत ठेवायचा विचार आहे. सात लाखांवर सुमारे ४,०५९ रुपये येतात. संस्थेकडून शेवटच्या रकमेचा कागद अजून मिळालेला नाही. मध्येच गरज पडली, तर सात लाखांची सबंध ठेव न मोडता तिच्यातली काही रक्कम काढता येते का? शाखेतल्या दोघांनी मला दोन वेगळी उत्तरे दिली.

निपाणीकर: माझ्या बँकेत तशी सोय नव्हती. मी आज पुन्हा ठेवायचे झाले तर एकच पावती न करता एकेक लाखाच्या सात पावत्या करीन, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्या सहा चालू राहतील.