विषय: अधिवेशनाची हजेरी – दूरध्वनीवरची नोंदणी बंद करायची का?

कोषाध्यक्ष:

मंडळी, नमस्कार.

अधिवेशन पार पडलं, हिशेबही मार्गी लागले. नोंदणीच्या शीटवरून मी काल रात्री पिव्होट टेबल केलं. ओळींमध्ये नोंदणीचा मार्ग घेतला आणि आकड्यांमध्ये नोंदलेले आणि आलेले. निकाल असा:

वेबसाइटवरून 600 नोंदले, 480 आले, म्हणजे 80 टक्के. स्वयंसेवकांनी फोनवरून 350 नोंदले, त्यातले 242 आले, जेमतेम 69 टक्के. दारातल्या काउंटरवर 150 नोंदले आणि दीडशेच्या दीडशे आले. एकूण 1100 पैकी 872, सुमारे 79 टक्के.

माझं मत स्पष्ट आहे. स्वयंसेवक महिनाभर संध्याकाळी फोन फिरवत बसतात आणि दर दहातले तिघे फिरकत नाहीत. पुढच्या वेळी फोनवरची नोंदणी बंद करावी आणि तीच माणसं दारातल्या काउंटरला द्यावीत. फाइल सोबत जोडली आहे. सदस्यांची यादी असलेलं शीट खबरदारी म्हणून काढून टाकलंय, फक्त पिव्होट ठेवलंय.

नोंदणी समिती:

कोषाध्यक्षसाहेब, घाई नको.

आधी काउंटरचं बघू. जो दारात उभा राहून नाव नोंदवतो तो आलेलाच असतो. त्याची हजेरी शंभर टक्केच निघणार, त्यात काउंटरचं कर्तृत्व काही नाही. शिवाय हे दीडशे जण एकूण टक्केवारी फुगवतात. पिव्होटच्या फिल्टरमधून त्यांना वगळा: 950 पैकी 722, म्हणजे 76. काउंटरवर किती माणसं आली हा आकडा कामाचा आहे, पण तो टक्क्यांच्या रांगेत बसवायचा नाही.

आता फोनवाले. तुमच्या पिव्होटमध्ये शहर कुठेच नाही. मी शहराच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना केला, त्यात दोनच उत्तरं: ‘यजमान’ आणि ‘बाहेरचे’. (मूळ रकान्यात यजमान शहर दोनदा दिसत होतं, कारण काहींनी नावामागे एक स्पेस टाकली होती. `TRIM` लावलं. उपनगरं मी यजमानातच धरली, कारण तिथून सकाळी निघून संध्याकाळी परत जाता येतं. यावर वाद होऊ शकतो.) ओळींमध्ये मार्ग आणि त्याखाली हा रकाना घातला, काउंटर वगळला:

वेबसाइट, यजमान: 200 पैकी 120, म्हणजे 60 टक्के.
वेबसाइट, बाहेरचे: 400 पैकी 360, म्हणजे 90.
फोन, यजमान: 300 पैकी 195, म्हणजे 65.
फोन, बाहेरचे: 50 पैकी 47, म्हणजे 94.

नीट बघा. यजमान शहरात फोनवाले पुढे, बाहेरच्यांतही फोनवालेच पुढे. तरीही बेरजेत ते 69 वर येतात आणि वेबसाइट 80 वर जाते. कारण फोनवर नोंदलेले बहुतेक इथलेच आहेत, आणि इथला माणूस ‘सकाळी उठल्यावर बघू’ म्हणतो. बाहेरच्याने प्रवासाचं आणि राहण्याचं आधीच ठरवलेलं असतं, तो येतोच. तुम्ही ज्याला नोंदणीच्या मार्गातला फरक म्हणताय, तो अंतराचा फरक आहे.

बाहेरच्या फोनवाल्यांत माणसं पन्नासच, तेव्हा त्या 94 वरून फार काही ठरवू नका. दोन माणसं इकडची तिकडे झाली की चार टक्के हलतात.

युवा समिती:

ताई, भारी! पण मला वाटतं मुळात मोजणीच चुकत असेल. एका कुटुंबाने एकदाच फॉर्म भरला तर एकच नोंदणी क्रमांक चार-पाच ओळींत येतो. Count दुप्पट-तिप्पट होणारच. पिव्होट करताना Add this data to the Data Model वर टिक केली की Distinct Count मिळतो. तो लावला की आकडे खरे होतील.

आणि एक गंमत. मी ‘आले’ या रकान्याचं Average घेतलं तर सगळ्याच शहरांत 100 टक्के हजेरी! काय समजायचं?

नोंदणी समिती:

Distinct Count ची माहिती बरोबर आहे, पण तो कुटुंबं मोजेल. आपल्याला माणसं मोजायची आहेत. आपल्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस, तेव्हा साधा Count बरोबरच आहे. किती पाकिटं छापायची असा प्रश्न असता तर तुझी पद्धत योग्य ठरली असती.

100 टक्क्यांचं कारण सोपं आहे. आलेल्यांपुढे आपण 1 लिहिला आणि न आलेल्यांची जागा रिकामी सोडली. Average रिकाम्या जागा मोजतच नाही, त्यामुळे एकांची सरासरी एकच येते. रिकाम्या जागी 0 भर आणि Refresh दाब. दाबल्याशिवाय पिव्होट जुनंच दाखवत राहील.

ज्येष्ठ सभासद:

सप्रेम नमस्कार.

हजेरीचा विषय निघालाच आहे तर माझी तक्रार नोंदवून घ्यावी. मी आणि सौ. दोघेही दिवसभर हजर होतो, अगदी समारोपापर्यंत. तरी कालच आम्हाला ‘आपण येऊ शकला नाहीत याची खंत वाटते’ असं पत्र आलं! आम्ही आधी फोनवर नाव दिलं होतं. पोचपावती काही आली नाही, म्हणून नातवाकडून वेबसाइटवर पुन्हा भरून घेतलं. दारात नातवाने काढून दिलेला कोड दाखवला. आम्हाला अनुपस्थित कोणी ठरवलं?

नोंदणी समिती:

काका, आधी माफी मागते. पत्र पाठवायला नको होतं. पण तुमच्या तक्रारीने मोठं काम झालं.

तुमची नावं शीटमध्ये दोनदा आहेत. वेबसाइटच्या ओळीत 1 आणि फोनच्या ओळीत 0. म्हणजे आलेला माणूस वेबसाइटच्या खात्यात जमा आणि न आलेला फोनच्या खात्यात. असे आणखी किती असतील म्हणून नवं पिव्होट केलं: ओळींत फोन नंबर आणि त्याखाली पहिलं नाव, स्तंभांत नोंदणीचा मार्ग. ज्या नावापुढे दोन्ही स्तंभांत आकडा, तो दुहेरी. नुसता नंबर घेऊन चालत नाही, कारण अख्खं घर एकच नंबर देतं.

अशी 20 माणसं निघाली, सगळी यजमान शहरातली. त्यांच्या फोनच्या ओळी काढल्या की तिथे 280 पैकी 195 उरतात. 65 टक्क्यांचे जवळजवळ 70 झाले.

कोषाध्यक्ष:

मान्य. फोन बंद करण्याचा प्रस्ताव मागे घेतो.

पण वयोगटांचं काय? माझ्या पिव्होटमध्ये आलेल्यांत 00-05 गटात 95 मुलं दिसतात. इतकी लहान मुलं मला तर दिसली नाहीत. आणि दारात वाटलेल्या मनगटपट्ट्या 811 भरतात. आलेले 872, मग 61 जण पट्टीशिवाय आत कसे गेले?

नोंदणी समिती:

सहा वर्षांखालच्या मुलांना आपण पट्टी दिलीच नव्हती. आता वजाबाकी करा. 95 मुलं खरी असती तर 777 पट्ट्या लागल्या असत्या. वाटल्या 811. म्हणजे 95 हा आकडा चूक आहे. तुमचं सूत्र पाहिलं:

```
=IF(D2<6,"00-05",IF(D2<18,"06-17",IF(D2<36,"18-35",IF(D2<60,"36-59","60+"))))
```

वयाची जागा रिकामी असली की एक्सेल तुलनेत तिला शून्य धरतं. वय न लिहिलेले 53 प्रौढ-बिढ सगळे तुमच्या पाळणाघरात गेले. उलट काही आईबाबांनी वयात ‘8 महिने’ असं लिहिलंय. तो मजकूर आहे, आणि एक्सेल मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं. त्यामुळे सहा तान्ही बाळं 60+ मध्ये ज्येष्ठ नागरिक झाली आहेत. वयाचे पिव्होटमध्ये परस्पर गट पाडायला गेलात तर Cannot group that selection असा निरोप येतो, तोही या मजकुरामुळेच.

बाळांचं वय मी हाताने 0 केलं आणि सूत्राला बाहेरून कवच घातलं. आतल्या तीन टिंबांच्या जागी तुमचं मूळ सूत्र:

```
=IF(ISNUMBER(D2),IF(...),"माहीत नाही")
```

आता 00-05 मध्ये 48, आणि ‘माहीत नाही’ मध्ये 53. हा शेवटचा गट लपवू नका, तक्त्यात तसाच राहू द्या. 872 मधून 48 गेले की 824 उरतात, म्हणजे पट्ट्यांशी फरक 13 चा. त्या 53 जणांत काही लहान मुलं असणारच.

युवा समिती:

दारात मी होतो. 13 चं दुसरं कारणही असू शकतं. वेबसाइटवाल्या कुटुंबाला एकच कोड होता. स्कॅन केला की सगळ्या घरापुढे 1 पडायचा, मग पाचातले तिघेच आलेले का असेनात. फोनवाल्यांची मात्र कागदी यादी होती, एकेका नावावर खूण.

नोंदणी समिती:

हे आधी सांगायचं ना! मग वेबसाइटचे 480 थोडे फुगलेले आहेत आणि फोनचे आकडे जास्त विश्वासाचे. किती फुगलेत ते आता कळणार नाही. कोणत्या घरातले किती आत गेले याची नोंदच नाही, पिव्होट ती कुठून आणणार.

कोषाध्यक्षसाहेब, अजून एक, आणि हे तातडीचं. तुम्ही यादीचं शीट काढून फाइल सगळ्यांना पाठवलीत. त्या पिव्होटमधल्या 242 या आकड्यावर डबल-क्लिक करा.

कोषाध्यक्ष:

केलं. नवं शीट उघडलं आणि फोनवर नोंदलेल्या सगळ्या 350 जणांची नावं, फोन नंबर, वयं समोर! शीट तर मी डिलीट केलं होतं.

नोंदणी समिती:

पिव्होट मूळ माहितीची प्रत फाइलमध्येच बाळगून असतं. शीट काढलं तरी ती जात नाही. पाठवायचं असेल तेव्हा तक्ता कॉपी करून नव्या फाइलमध्ये Paste Values ने चिकटवा. म्हणजे फक्त आकडे जातात. आणि ‘60+, बाहेरचे, फोन’ अशा चौकटीत एकच माणूस असेल तर ती चौकटही शेजारच्या गटात मिसळा. नाव नसलं तरी तो कोण हे इथे सगळ्यांना कळतं.

सर्वांना विनंती: पहिल्या मेलमधली फाइल कृपया काढून टाका.

ज्येष्ठ सभासद:

काढली. ते खंतपत्र मात्र जपून ठेवलं आहे. आमच्या दोघांच्या हजेरीची दुरुस्ती झाली का, तेवढं कळवावं.